तीन बिंदूंत मोजलेलं क्षेत्रफळ

१ लाख ते २ लाख या पट्ट्यात मूळ संख्या आहेत ८,३९२. आज संगणक हे डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतो. दोनशे वर्षांपूर्वी मात्र छापील तक्ते उघडून एकेक संख्या तपासत बसावं लागे. कार्ल फ्रीडरिश गॉस या जर्मन गणितज्ञाला तक्ते चाळण्याचा नाद पोरवयापासून होता, आणि पंधरा-सोळाव्या वर्षीच त्याला त्यात एक नियम दिसला. कुठल्याही मोठ्या संख्येच्या आसपास मूळ संख्या किती विरळ असतील, हे त्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम सांगतो. १ लाखाचा लॉगॅरिदम ११.५१ आहे, म्हणून तिथे साधारण साडेअकरा संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते. २ लाखांचा आहे १२.२१, म्हणजे तिथे बारा संख्यांमागे जेमतेम एक.

मग सगळ्या पट्ट्यात मिळून किती? त्यासाठी प्रत्येक ठिकाणची दाटी, म्हणजे 1/ln x, पूर्ण पट्ट्यावर जमा करत जायची. आलेखाच्या भाषेत, 1/ln x या वक्ररेषेखालचं १ लाख ते २ लाख या टप्प्यातलं क्षेत्रफळ काढायचं. कॉलेजात ज्याला इंटिग्रेशन म्हणतात ते हे समाकलन. अडचण अशी की 1/ln x चं समाकलन आपल्या ओळखीच्या फलनांत लिहून दाखवताच येत नाही. सूत्र नाही, त्यामुळे उत्तर आकड्यांनीच काढावं लागतं: वक्ररेषेची उंची काही ठरावीक ठिकाणी मोजायची आणि त्यावरून सगळ्या क्षेत्रफळाचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा करायची, तसाच हा प्रकार. पण भाताचं कुठलंही शीत चालतं. इथे कुठलं शीत उचललं यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते कसं निवडायचं हेच गॉसनं सांगितलं.

सप्टेंबर १८१४ मध्ये गॉसनं गॉटिंगेनच्या विद्वत्सभेपुढे समाकलनाच्या नव्या पद्धतीवरचा लॅटिन निबंध मांडला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता आणि तिथल्या वेधशाळेचा प्रमुख होता. निबंधात उदाहरण म्हणून त्यानं घेतलं ते हेच समाकलन, 1/ln x चं, १ लाख ते २ लाख. त्याची पद्धत पाहण्याआधी तेव्हा रूढ असलेल्या पद्धतींनी काय हाती लागतं ते बघू, म्हणजे फरक आकड्यांतच दिसेल.

सगळ्यात साधी युक्ती म्हणजे दोन टोकांच्या उंच्या मोजून त्यांची सरासरी घ्यायची. १ लाखावर उंची ०.०८६८५९, २ लाखांवर ०.०८१९२६. सरासरीला पट्ट्याच्या रुंदीनं, म्हणजे १ लाखानं गुणलं की ८,४३९.२७ येतं. खरं क्षेत्रफळ आहे ८,४०६.२४३. म्हणजे ३३ ची चूक. आता टोकं सोडून फक्त मधल्या बिंदूवर, दीड लाखावर, उंची मोजा: ०.०८३९०४. उत्तर ८,३९०.३९. चूक १६ च्या आत आली. दोन ठिकाणी मोजून जितकी चूक झाली, तिच्या निम्म्याहून कमी चूक एकाच ठिकाणी मोजून झाली. किती ठिकाणी मोजलं यापेक्षा कुठे मोजलं हे महत्त्वाचं ठरू शकतं, याची पहिली खूण इथेच मिळते.

दोन्ही टोकं आणि मध्य असे तीन बिंदू घेऊन त्यांतून पॅराबोला काढला, तर तो सिम्प्सनचा नियम होतो. मधल्या उंचीला चौपट वजन द्यायचं, टोकांना एकेक, आणि सहानं भागायचं. उत्तर ८,४०६.६८, चूक ०.४४. बरंच बरं. हीच वाट पुढे नेऊन न्यूटन आणि त्याचा तरुण सहकारी रॉजर कोट्स यांनी पट्ट्याचे सारखे भाग पाडून चार, पाच, सहा बिंदूंचे नियम तयार केले होते. कोट्स १७१६ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी गेला; त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या पुस्तकात ११ बिंदूंपर्यंतचे गुणक आहेत. या नियमांमागची कल्पना सोपी आहे. दोन बिंदूंतून सरळ रेषा जाते, तिनांतून पॅराबोला, n बिंदूंतून n−1 कोटीची बहुपदी. मूळ वक्राऐवजी ती बहुपदी धरायची आणि तिचं क्षेत्रफळ काढायचं. वक्र स्वतःच तेवढ्या कोटीची बहुपदी असेल, तर उत्तर तंतोतंत येतं.

गॉसनं सुरुवात कोट्सच्या या नियमांपासूनच केली, आणि प्रश्न विचारला तो इतका सरळ की आधी कुणाला कसा सुचला नाही याचं नवल वाटावं. बिंदू सारख्या अंतरावरच का घ्यायचे? सारखं अंतर ही आपली सोय झाली. वक्राची तशी काहीच मागणी नाही. बिंदूंच्या जागा मोकळ्या सोडल्या, तर n बिंदूंच्या नियमात आपल्या हाती n जागा आणि n भार अशा 2n गोष्टी येतात. मग n अटींऐवजी 2n अटी पुऱ्या करता याव्यात, म्हणजे n−1 ऐवजी 2n−1 कोटीपर्यंतच्या बहुपदींचं उत्तर अचूक यावं.

दोन बिंदूंसाठी हे हातानं करून बघता येतं. सोयीसाठी −1 ते 1 असा टप्पा घेऊ. उत्तर नंतर हव्या त्या पट्ट्यावर ताणता येतं. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून बिंदू −a आणि a वर असतील आणि त्यांचे भार समान असतील. 1 या स्थिर फलनाचं क्षेत्रफळ 2 आहे, म्हणून प्रत्येकाचा भार 1. x आणि x³ यांचं क्षेत्रफळ शून्य, कारण डावीकडचं उजवीकडच्याला खोडतं. आपले दोन बिंदूही एकमेकांना तसेच खोडतात, त्यामुळे त्या दोन अटी फुकटात मिळाल्या. उरली x² ची. तिचं खरं क्षेत्रफळ 2/3, आणि आपला नियम देतो a² + a², म्हणजे 2a². म्हणून a² = 1/3, आणि a = ०.५७७३५. झालं. या दोन जागी मोजून नुसती बेरीज केली की तिसऱ्या कोटीपर्यंतची कुठलीही बहुपदी अचूक येते. चौथ्या कोटीला नियम हरतो: x⁴ चं खरं क्षेत्रफळ 2/5, म्हणजे ०.४, आणि नियम देतो 2/9, म्हणजे ०.२२.

हे दोन बिंदू आपल्या पट्ट्यावर नेऊ. मध्य दीड लाख, दोन्हीकडची निम्मी रुंदी ५० हजार. ५० हजारांचे ०.५७७३५ पट म्हणजे २८,८६७.५. म्हणून मोजायची ठिकाणं १,२१,१३२.५ आणि १,७८,८६७.५. तिथल्या उंच्या ०.०८५४३६ आणि ०.०८२६८३. त्यांच्या सरासरीला १ लाखानं गुणलं की ८,४०५.९५. चूक ०.२९. सिम्प्सनला तीन मोजमापं करूनही ०.४४ ची चूक राहिली होती; इथे दोनच मोजमापांत तिच्याहून कमी झाली.

तीन बिंदूंसाठी जागा येतात मध्य आणि मध्यापासून ०.७७४६ पट अंतरावर दोन्हीकडे. मधल्याचा भार 8/9, बाजूच्यांचा प्रत्येकी 5/9. आपल्या पट्ट्यावर त्या १,११,२७०, १,५०,००० आणि १,८८,७३० च्या आसपास पडतात. उत्तर ८,४०६.२३७. चूक आली ०.००६ वर. सिम्प्सनइतकेच तीन बिंदू, पण चूक सुमारे सत्तरपटीनं कमी. चार बिंदूंना ८,४०६.२४२९७, पाचांना ८,४०६.२४३११७, आणि सहा नि सात बिंदूंना दशांशचिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत एकच उत्तर: ८,४०६.२४३१२१. लॉगॅरिदमच्या तक्त्यात फक्त सहा नोंदी बघून.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. खऱ्या मूळ संख्या ८,३९२ आहेत आणि क्षेत्रफळ ८,४०६. ही १४ ची तफावत समाकलनाची चूक नाही. ती मूळ संख्यांच्या स्वतःच्या चढउतारांची आहे; दाटीचा नियम सरासरीचा आहे, मोजणीचा नाही. कितीही बिंदू वाढवले तरी ती जाणार नाही. आकडेमोडीत या दोन चुकांची गल्लत फार होते: प्रारूपातली उणीव झाकायला लोक बिंदू वाढवत बसतात.

आता खरा प्रश्न. दोन बिंदूंना समीकरण सहज सुटलं, पण सात बिंदूंना चौदा अज्ञातांची वाकडी समीकरणं होतात. त्यांना उत्तर असेलच याची खात्री काय? उत्तर काल्पनिक संख्यांत निघालं तर? एखादा बिंदू पट्ट्याच्या बाहेर, तीन लाखांवर पडला तर? अज्ञातं आणि अटी सारख्या आहेत एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. गॉसनं स्वतः ही वाट सतत अपूर्णांकांच्या साहाय्यानं पार केली, आणि ती वाट अवघड आहे. बारा वर्षांनी, १८२६ मध्ये, तेव्हा विशीत असलेल्या कार्ल याकोबीनं तीच गोष्ट अशा तऱ्हेनं सांगितली की शाळेतला भागाकार येणाऱ्या कुणालाही कळावी. मला हा युक्तिवाद सबंध विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो, म्हणून तो पुरा मांडतो.

दोन बहुपदींचा गुणाकार करून त्याचं −1 ते 1 मधलं क्षेत्रफळ शून्य आलं, तर त्या एकमेकींना लंब आहेत असं म्हणतात. 1 पासून सुरुवात करून प्रत्येक नवी बहुपदी आधीच्या सगळ्यांना लंब राहील अशी रचत गेलं, तर ही मालिका मिळते: 1, x, x² − 1/3, x³ − 3x/5 आणि पुढे. यांना लेजांद्रच्या बहुपदी म्हणतात. फ्रेंच गणितज्ञ लेजांद्रला त्या १७८० च्या दशकात गोलाकार पिंडांच्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेब करताना भेटल्या होत्या, समाकलनाच्या नियमांशी त्यांचा तेव्हा संबंध नव्हता. आता तिसरी बघा. x² − 1/3 शून्य कुठे होते? अधिक-उणे ०.५७७३५ वर. चौथी, x³ − 3x/5, शून्य होते मध्यावर आणि अधिक-उणे ०.७७४६ वर. आपण वर मोजायला घेतलेली ठिकाणं हीच होती.

असं का व्हावं? कोणतीही 2n−1 कोटीची बहुपदी घ्या आणि तिला n कोटीच्या लेजांद्र बहुपदीनं भागा. भागाकार येईल जास्तीत जास्त n−1 कोटीचा, आणि बाकीही तेवढ्याच कोटीची. म्हणजे मूळ बहुपदी = भागाकार × लेजांद्र + बाकी. आता क्षेत्रफळ घ्या. भागाकाराची कोटी n हून कमी, आणि लेजांद्र बहुपदी तिच्याहून कमी कोटीच्या सगळ्यांना लंब. म्हणून पहिल्या पदाचं क्षेत्रफळ शून्य. राहिलं फक्त बाकीचं क्षेत्रफळ. दुसरीकडे, आपण मोजतो ते बिंदू लेजांद्र बहुपदीची शून्यस्थानं आहेत. तिथे पहिलं पद शून्यच असतं, त्यामुळे आपल्याला दिसते तीही फक्त बाकी. आणि n−1 कोटीची बाकी n बिंदूंवरून अचूक कळते, हे तर कोट्सच्या काळापासून ठाऊकच होतं. क्षेत्रफळाला जो भाग लागत नाही, नेमका तोच भाग या बिंदूंवरून दिसत नाही.

छोटं उदाहरण: x³ + x². हिला x² − 1/3 नं भागलं तर भागाकार x + 1 आणि बाकी x/3 + 1/3. मूळ बहुपदीचं −1 ते 1 मधलं क्षेत्रफळ 2/3. बाकीचंही 2/3. तिसऱ्या कोटीच्या वक्राची जागा एका सरळ रेषेनं घेतली आणि क्षेत्रफळ तसूभरही बदललं नाही.

शून्यस्थानं पट्ट्यातच पडतील का, या शंकेलाही लंबतेनंच उत्तर मिळतं. समजा n कोटीची लेजांद्र बहुपदी पट्ट्यात n हून कमी ठिकाणी चिन्ह बदलते. मग नेमक्या त्याच ठिकाणी चिन्ह बदलणारी एक कमी कोटीची बहुपदी लिहा आणि दोन्ही गुणा. गुणाकार सगळीकडे एकाच चिन्हाचा होईल, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ शून्य असूच शकत नाही. पण लंबतेमुळे ते शून्य असायला हवं. हा विरोध टाळायचा तर चिन्ह n ठिकाणी बदललंच पाहिजे. म्हणून सगळे बिंदू वास्तव, वेगवेगळे आणि पट्ट्याच्या आत.

आणि 2n−1 च्या पुढे एकही पायरी चढता येत नाही. लेजांद्र बहुपदीचा वर्ग घ्या: कोटी 2n, कुठेच ऋण नाही, क्षेत्रफळ स्वच्छ धन. पण आपल्या प्रत्येक बिंदूवर तो शून्य आहे, म्हणून नियम उत्तर देतो शून्य. बिंदू दुसरे निवडले तरी सुटका नाही; कुठल्याही n बिंदूंवर शून्य होणाऱ्या बहुपदीच्या वर्गानं हाच डाव टाकता येतो.

कोट्सच्या नियमांत बिंदू वाढवत गेलं तर शेवटी गॉसइतकंच चांगलं उत्तर येणार नाही का? इथे एक अनपेक्षित अडचण आहे. सारख्या अंतराच्या ९ बिंदूंवर भार पहिल्यांदा ऋण होतात. ९ बिंदूंच्या नियमात मधल्या बिंदूचा भार आहे −4540/28350, म्हणजे पट्ट्याच्या रुंदीच्या उणे १६ टक्के. मध्यावर वक्र वर उचलला तर नियमानं सांगितलेलं क्षेत्रफळ घटतं! बिंदू आणखी वाढवले की धन आणि ऋण भार दोन्ही बेसुमार फुगतात, आणि मोजमापातली बारीकशी चूकही त्यांनी गुणून मोठी होते. १९३३ मध्ये जॉर्ज पोल्या यानं दाखवलं की साध्या, सौम्य दिसणाऱ्या फलनांवरही हे नियम खऱ्या उत्तराकडे जातील याची हमी नाही. गॉसचे भार मात्र नेहमी धन असतात. एक सोडून बाकी सगळ्या बिंदूंवर शून्य होणारी बहुपदी घ्या आणि तिचा वर्ग करा. कोटी 2n−2, म्हणजे नियम तिच्यावर अचूक आहे. क्षेत्रफळ धन, आणि नियमाच्या बेरजेत फक्त त्या एका बिंदूचं पद उरतं. तेव्हा त्याचा भार धन असलाच पाहिजे. या धन भारांच्या आधारावर श्टील्ट्येस यानं १८८४ मध्ये सिद्ध केलं की वक्र फक्त अखंड असला तरी बिंदू वाढवत गेल्यावर गॉसचं उत्तर खऱ्या उत्तराकडे जातंच.

जातं, पण कधी कधी फार रेंगाळत जातं. √x चं 0 ते 1 मधलं क्षेत्रफळ 2/3 आहे. दोन बिंदूंचा गॉस देतो ०.६७३९, तिनांचा ०.६६९२. चूक ०.००७ वरून ०.००२५ वर आली. 1/ln x च्या बाबतीत एक बिंदू वाढवला की चूक चाळीस-पन्नास पटींनी कमी होत होती. इथे ती तीन पटीही कमी झाली नाही, आणि पुढे बिंदू दुप्पट केले तरी ती साधारण आठपटच घटत राहते. कारण शून्याजवळ √x ताठ उभा राहतो, त्याचा उतार अनंत होतो. कुठलीही बहुपदी तशी वागत नाही. गॉसचा सगळा जोर वक्र बहुपदीसारखा वागतो यावर आहे. ते गृहीत सुटलं की बिंदू कितीही हुशारीनं निवडले तरी फारसा उपयोग नाही.

उपाय बिंदू वाढवण्यात नाही, प्रश्नाचा आकार बदलण्यात आहे. x च्या जागी t² लिहा. √x होतो t, सोबत 2t चा गुणक येतो, आणि समाकलन 2t² चं होतं. ही दुसऱ्या कोटीची बहुपदी. दोन बिंदूंत अचूक 2/3. वक्राला कोपरा असेल, जसा |x| ला शून्यावर असतो, तर कोपऱ्यापाशी पट्टा तोडून दोन्ही तुकड्यांवर नियम वेगवेगळा लावायचा. न तोडता −1 ते 1 वर |x| चं क्षेत्रफळ काढलं तर दोन बिंदू सांगतात १.१५ आणि तीन सांगतात ०.८६, खरं उत्तर 1. शून्यावर तोडलं तर प्रत्येक तुकड्याला एकच बिंदू पुरतो.

खगोलभौतिकीत हा कोपरा प्रत्यक्ष आडवा आला. लाहोरला जन्मलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९४० च्या दशकात ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश कसा वर येतो याचं गणित करत होते. प्रत्येक थरावर सगळ्या दिशांनी येणाऱ्या प्रकाशाची बेरीज करावी लागते, आणि दिशा मोजली जाते तिच्या कोनाच्या कोसाइननं, जो −1 ते 1 असतो. लेजांद्र बहुपदींचाच टप्पा. वीक यानं आधी सुचवलेल्या मार्गानं चंद्रशेखर यांनी अगणित दिशांऐवजी गॉसच्या मोजक्या दिशा घेतल्या, आणि एक न सुटणारं समीकरण साध्या समीकरणांच्या छोट्या संचात बदललं. १९५० च्या त्यांच्या ‘रेडिएटिव्ह ट्रान्सफर’ या ग्रंथात समाकलनाच्या या सूत्रांना स्वतंत्र प्रकरण दिलेलं आहे. बिंदूंची संख्या ते सम ठेवत; विषम ठेवली तर मधली दिशा थरांना समांतर येते, कोसाइन शून्य होतो आणि समीकरण तिथे अडतं. पण ताऱ्याच्या पृष्ठभागावर आणखी एक अडचण होती. वर जाणारा प्रकाश भरपूर, बाहेरून आत येणारा काहीच नाही. म्हणजे शून्यावर वक्र एकदम तुटतो. १९५१ मध्ये साइक्स यानं −1 ते 0 आणि 0 ते 1 असे दोन तुकडे करून प्रत्येकावर गॉसचा नियम स्वतंत्र लावला. |x| ला आपण वर दिलेलाच हा उपाय.

व्यवहारात खरं उत्तर हाताशी नसतं, मग चूक किती हे कळायचं कसं? बिंदू वाढवून उत्तर बदलतं का ते बघायचं. पण गॉसच्या बिंदूंची एक गैरसोय आहे: सात बिंदूंच्या नियमातले आणि आठांच्या नियमातले बिंदू पूर्णपणे वेगळे, त्यामुळे आधी केलेली मोजमापं वाया जातात. १९६४ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ अलेक्सांद्र क्रोनरोद यानं गॉसचे n बिंदू जसेच्या तसे ठेवून त्यांच्यामध्ये n+1 नवे बिंदू बसवले. सातांचे पंधरा होतात; दोन उत्तरांतल्या फरकावरून चुकीचा अंदाज मिळतो, आणि फरक मोठा निघाला तर पट्टा अर्धा करून पुन्हा मोजायचं. १९८३ च्या ‘क्वाडपॅक’ या संगणक-संचात हेच तंत्र आहे, आणि पायथनमधलं scipy.integrate.quad आजही त्याच संचाला काम सांगतं. मात्र या तपासणीलाही एक आंधळी जागा आहे. लांब पट्ट्यावर कुठेतरी अगदी अरुंद सुळका असेल आणि तो सगळ्या बिंदूंच्या मधून निसटला, तर दोन्ही उत्तरं एकमेकांशी छान जुळतात आणि दोन्ही चुकीची असतात.

गॉसनं सात बिंदूंपर्यंतच्या जागा आणि भार सोळा दशांशांपर्यंत हातानं काढून छापले होते. आज ते काढायला १९६९ च्या गोलब आणि वेल्श यांच्या पद्धतीसारख्या झटपट पद्धती आहेत, आणि वर केलेला तीन बिंदूंचा हिशेब चार ओळींत होतो:

```python
import numpy as np
x, w = np.polynomial.legendre.leggauss(3)
t = 150000 + 50000*x
print(50000*np.sum(w/np.log(t)))
```

यातला 3 बदलून 4, 5, 6 करत जा आणि दर खेपेला किती अंक स्थिरावतात ते लिहून ठेवा. मग फलन बदलून √x घाला, पट्टा 0 ते 1 करा, आणि तीच नोंद पुन्हा करा. अंक झपाट्यानं स्थिरावत नसतील तर बिंदू वाढवत बसू नका. आधी वक्राचा आलेख काढा, तो कुठे तुटतो, कुठे कोपरा घेतो, कुठे ताठ उभा राहतो ते शोधा, आणि पट्टा तिथे तोडा.